सतरा पेढे, पाच जण आणि उरलेले दोन

जावळी भागातल्या एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत मी तिसरी-चौथी शिकवते. त्या वर्षी तिसरीचा पट पाच होता. मुलांची खरी नावं देत नाही, वर्गात एकमेकांना मारायच्या हाकाच देते: छकुली, गोट्या, बबडी, पिंट्या आणि सोन्या.

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता. छकुलीच्या वडिलांनी नवी मोटारसायकल घेतली, म्हणून ती पेढ्यांचं खोकं घेऊन आली. परिपाठ झाल्यावर सगळ्या शाळेला एकेक पेढा वाटला. उरलेले तिने झाकून ठेवले आणि दुपारी माझ्या टेबलावर आणून म्हणाली, "बाई, हे आमच्या तिसरीचे." मी मोजले. सतरा होते.

त्या आठवड्यात आम्ही भागाकारच करत होतो. पण तोवरची सगळी उदाहरणं बिनबाकीची होती: पंधरा पेन्सिली तिघांत, वीस बिया चौघांत. पाठात सुरुवातीला अशीच उदाहरणं घेतात आणि त्यात गैर काही नाही. पण दोन आठवडे तेच केल्यावर मुलांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते, की वाटणी नेहमी पूर्ण होते आणि झाली नाही तर आपलंच काहीतरी चुकलं. सतरा हा आकडा मी ठरवून आणलेला नव्हता. मोजून झाल्यावर मात्र ठरवलं, की आज फळ्याऐवजी या खोक्यावरच भागाकार शिकवायचा.

पाचही जणांना हात धुऊन यायला सांगितलं, पोषण आहाराची पाच ताटं गोल मांडली आणि पेढ्यांना हात लावण्याआधी विचारलं, "प्रत्येकाला किती येतील?" गोट्या लगेच म्हणाला, "चार." पिंट्या म्हणाला, "तीन, आणि थोडे राहतील." बबडी बोटांवर पाढा म्हणत होती, "पाच त्रिक पंधरा, पाच चोक वीस," आणि तिथेच थांबली. पंधरा कमी आणि वीस जास्त, हे तिला दिसत होतं. पण मधल्या सतराचं करायचं काय, हे पाढ्यात कुठेच नव्हतं.

वाटायचं काम छकुलीने घेतलं. स्वतःच्या ताटापासून सुरुवात करून एकेक पेढा ठेवत ती गोल फिरली. एक फेरी, दुसरी, तिसरी. खोक्यात दोन राहिले. ती थांबली नाही. चौथी फेरी सुरू केली, एक पेढा स्वतःच्या ताटात आणि एक शेजारच्या सोन्याच्या ताटात टाकला, आणि खोकं रिकामं झालं. मग कल्ला. गोट्याने तिचा हातच धरला. "तुला चार, मला तीन?" छकुली गोंधळली. तिने लबाडी केली नव्हती. हातातलं संपेपर्यंत वाटत राहायचं, एवढंच तिला माहीत होतं.

भागाकार शिकवताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही जागा. एकेक वाटणं मुलांना फार लहानपणापासून जमतं. जमत नाही ते थांबणं. फेरी सुरू करण्याआधी हातातल्या वस्तू पाहायच्या, त्या सगळ्यांना पुरतील का हे ठरवायचं, आणि पुरत नसतील तर फेरी सुरूच करायची नाही. 'बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते' हा नियम मुलं नंतर पाठ करतात, पण त्याचा अर्थ एवढाच आहे, की खोक्यात पाच किंवा जास्त असतील तर अजून एक फेरी होते आणि पाचांहून कमी असतील तर होत नाही. मुलाला हे कळलंय का, ते त्याच्या वहीत दिसत नाही, नजरेत दिसतं. नवी फेरी सुरू करण्याआधी ते खोक्यात डोकावतं का, तेवढं पाहायचं.

मी सगळे पेढे परत खोक्यात घालायला लावले आणि खोकं पिंट्याकडे दिलं. पिंट्याला घाई, त्याने दोन-दोन वाटले. पहिल्या फेरीत दहा गेले, सात राहिले. दुसऱ्या फेरीत तिघांना दोन-दोन मिळाले, चौथ्या ताटात एकच पडला आणि शेवटच्यात काहीच नाही. ताटांत चार, चार, चार, तीन, दोन. छकुलीच्या वाटणीपेक्षाही वाकडं दिसत होतं. मी काही बोलले नाही. बबडीने चार-चारवाल्या तिघांकडून एकेक पेढा परत घेतला, त्यातला एक शेवटच्या ताटात ठेवला आणि हातातले दोन सगळ्यांना दाखवत म्हणाली, "पुन्हा दोनच राहिले की."

हे 'पुन्हा' मला हवंच होतं. एकेक वाटा, दोन-दोन वाटा, कोणाच्याही ताटापासून सुरू करा, सारखं वाटायचं म्हटलं की दोनच राहतात. ते दोन म्हणजे वाटणाऱ्याची चूक नव्हे, सतराचा स्वभाव आहे. मी फळ्यावर लिहिलं: १७ = ५ × ३ + २. भाज्य सतरा, भाजक पाच, भागाकार तीन, बाकी दोन. पुस्तकाच्या दृष्टीने उदाहरण इथे संपतं. पाच जणं मात्र त्या दोन पेढ्यांकडे पाहत बसली होती.

"आता या दोनांचं काय करायचं?" असं मी विचारलं आणि लगेच चूकही केली. त्यांनी तोंड उघडायच्या आधी मीच म्हणाले, "स्वयंपाकाच्या मावशींना देऊया का?" पाचही माना एकदम हलल्या. बाईंनी चांगलं काहीतरी सुचवलंय, त्याला नाही कसं म्हणायचं? छकुली मात्र गप्प होऊन खोक्याचं झाकण चाळवत राहिली. माझ्या लक्षात आलं, की मी प्रश्न विचारून उत्तरही देऊन टाकलं होतं, आणि तेही दुसऱ्यांच्या पेढ्यांवर. मोठ्यांच्या तोंडचं उत्तर चांगलं असलं की मुलं विचार करायचं सोडतात आणि आतून मात्र पटलेलं नसतं. मी शब्द मागे घेतला. "मी घाई केली. पेढे तुमचे आहेत, तुम्ही ठरवा. पण जे सांगाल त्याचं कारणही सांगायचं."

मग बोलणं सुरू झालं. सोन्या म्हणाला, दोन्ही छकुलीला, कारण खोकं तिच्या घरचं. गोट्याला ते पटेना. "तिने ते तिसरीला दिलेत. दिल्यावर तिचे कसे?" हा वाद गणिताचा नाही, तरी मी तो चालू दिला. 'सारखं' आणि 'रास्त' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भागाकार फक्त पहिलीचं उत्तर देतो, हे या वादात आपसूक बाहेर आलं. पिंट्याने चिठ्ठ्या टाकायला सांगितलं: पाच चिठ्ठ्या, दोनांवर खूण, खूण निघेल त्याला पेढा. बबडीला ते आवडलं नाही. "मला निघाली नाही तर मला काहीच नाही."

"मग अर्धे करा," गोट्या म्हणाला. मी पोषण आहाराच्या खोलीतून सुरी आणली, पण हातात दिली नाही. आधी कागदावर करायला लावलं. दोन गोल काढा आणि अर्धे करा. चार अर्धे झाले. गोट्याने चौघांची नावं घातली आणि पाचव्यापाशी अडला. "एक कमी पडतोय." अर्ध्यावर अडकणं हे या वयाचं ठरलेलं आहे. मुलांसाठी कापणं म्हणजे अर्धं करणं, आणि अर्ध्याचं पुन्हा अर्धं. त्याने दोन, चार, आठ होतात. पाच कधीच होत नाहीत. पाव केले असते तर आठ तुकडे झाले असते, प्रत्येकाला एक आणि वर पुन्हा तीन.

इथे बबडीने जे केलं ते मला आजही तसंच आठवतं. तिने प्रत्येक गोलाचे तीन भाग केले. सहा तुकडे झाले. पाच जणांना पाच दिले, एक उरला. "बाई, बाकी अजून आहेच, पण आता एवढुशी." मग तिने त्या एका तुकड्यावर बारीक रेघा मारून त्याचे पाच भाग केले. म्हणजे प्रत्येकाला पेढ्याचा तिसरा हिस्सा आणि तिसऱ्या हिश्श्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे पंधरावा हिस्सा. तिसरीत अपूर्णांकांची बेरीज नसते, म्हणून मी ती वर्गात केली नाही. इथे करते: १/३ म्हणजे ५/१५, त्यात १/१५ मिळवला की ६/१५, म्हणजे २/५. दोन पेढे पाच जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला येतात ते हेच दोन पंचमांश.

बबडीला माहीत असण्याचं कारण नाही, पण ही वाटणी फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये आहमोस नावाच्या लेखनिकाने इ.स.पू. १५५०च्या सुमारास लिहिलेली गणिताची एक पपायरसची गुंडाळी आहे. ऱ्हाइंड पपायरस म्हणून ती ओळखली जाते आणि तिचा बराचसा भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या सुरुवातीला दोनाला ३ पासून १०१ पर्यंतच्या विषम संख्यांनी भागल्याचं कोष्टक आहे, आणि त्यात दोन भागिले पाच याचं उत्तर दिलंय ते एक तृतीयांश अधिक एक पंधरांश. तिथे कोष्टकातले नुसते आकडे, इथे पेढे. पण सगळ्यांना पुरेल असा मोठ्यात मोठा तुकडा आधी द्यायचा आणि उरेल त्याचे बारीक भाग करायचे, या बबडीच्या रीतीने उत्तर तेच आलं.

पिंट्याने दुसरी वाट काढली: प्रत्येक पेढ्याचे पाच भाग, म्हणजे दहा तुकडे, प्रत्येकाला दोन. हिशेबाला ही सरळ आणि पुढे अपूर्णांक शिकवायला फार उपयोगी. पण गोल पेढ्याचे पाच सारखे भाग सुरीने करून पाहा. पेढा भुगा होतो आणि कोणाच्या तुकड्याला काठ जास्त यावरून भांडण नव्याने सुरू होतं. यावरचा सोपा उपाय मला त्या दिवशी सुचला: पेढा मऊ असतो, तो मळून त्याची सुरळी करायची आणि पट्टी लावून कापायची. दोन पेढ्यांची मिळून दहा सेंटिमीटर लांबीची सारख्या जाडीची सुरळी झाली, तर दर दोन सेंटिमीटरला एक काप. गोलाचे पाच भाग मुलांना जमत नाहीत, लांबीचे जमतात, कारण पट्टीवर आकडे छापलेलेच असतात.

चौथीची मुलं खोलीच्या दुसऱ्या बाजूला स्वाध्याय सोडवत होती, पण कान इकडेच. त्यांच्यातल्या एकाने मध्येच सांगितलं, "बाई, तीन पॉइंट दोन." ही चूक मोठ्या वर्गांतही भेटते: बाकी उचलून दशांश चिन्हामागे ठेवून द्यायची. मी मोबाइलवर सतरा भागिले पाच केलं आणि त्याला दाखवलं. तिथे ३.४ आलं. "चार कुठून आले?" त्याने विचारलं. पिंट्याचे तुकडेच कामी आले. प्रत्येकाच्या वाट्याचे दोन तुकडे पंचमांशाचे आहेत. पेढ्याचे पाचाऐवजी दहा भाग केले असते तर त्याच वाट्यात चार तुकडे आले असते. बाकीतले दोन म्हणजे अख्खे पेढे, अजून न वाटलेले. पॉइंटनंतरचे चार म्हणजे वाटून झालेले दहावे हिस्से. आकडे वेगळे, कारण मोजलेल्या वस्तू वेगळ्या.

चिठ्ठ्यांबद्दलही इथे सांगून टाकते, कारण तो पर्याय आम्ही फारच लवकर सोडला. पाच चिठ्ठ्यांपैकी दोन खुणेच्या असल्या, तर प्रत्येकाला पेढा मिळायची शक्यता पाचांत दोन. कापून मिळणारा वाटाही दोन पंचमांश. न कापता येणारी वस्तू असेल तेव्हा चिठ्ठी सगळ्यांना सारखा तुकडा देत नाही, पण सारखी संधी देते, आणि तिचा आकडा तोच येतो. पाळीचंही तसंच. असे दोन-दोन पेढे पाच दिवस उरले आणि रोज पुढच्या दोघांना दिले, तर पाचव्या दिवशी प्रत्येकाला दोन मिळून हिशेब चुकता होतो.

आता सोन्याकडे येते. पहिल्या वादानंतर तो बराच वेळ काही बोलला नव्हता. सुरळीची तयारी चालू असताना त्याने विचारलं, "मावशींना सकाळी पेढा मिळाला का?" कोणालाच माहीत नव्हतं. मावशी येतात दहानंतर, पेढे वाटले परिपाठाला. त्यांना मिळालाच नव्हता. मघाशी मी सुचवलेलंच नाव होतं, पण माझ्या सुचवण्यात उदारपणा होता आणि त्याच्या विचारण्यात हिशेब: वाटणीत एक जण राहून गेलाय.

"मग आपण सहा जण धरूया," छकुली म्हणाली. मी म्हटलं, करून पाहा. सहावं ताट मांडलं, पेढे परत खोक्यात घालून पुन्हा वाटले. सहा दुणे बारा. प्रत्येकाला दोन, आणि खोक्यात पाच! पिंट्याचा विश्वास बसेना. वाटेकरी एकाने वाढला, तर प्रत्येकाचा एक पेढा गेला आणि बाकी दोनाची पाच झाली. मुलांना वाटत होतं, माणसं वाढली की उरणारं कमी होईल. तसं होत नाही. अठरा असते तर सहांत एकही उरला नसता; सतराला एक कमी पडतो, म्हणून सहांच्या वाटणीत बाकी सगळ्यात मोठी, पाच, येते. भाजक बदलला की बाकी कुठे जाईल ते आधी सांगता येत नाही, वाटून पाहावं लागतं, हे त्यांनी ताटांवर पाहिलं.

म्हणून त्यांनी सहावं ताट उचललं, पण मावशींना सोडलं नाही. सकाळी सगळ्यांना एक मिळालाय, तर मावशींनाही एक. तो बाकीतून द्यायचा. ठरवलं छकुलीने आणि हात पाचांनी वर केले. गोट्याने तेवढ्यात स्वतःच्या ताटातले तीन मोजून घेतले. मग राहिला एक. त्याची मी पाच सेंटिमीटरची सुरळी करून दिली, बबडीने पट्टी धरली आणि दर सेंटिमीटरला एक काप घेतला. प्रत्येकाला तीन पेढे आणि एक पंचमांश, मावशींना एक. पंधरा, एक आणि एक, सतरा पुरे झाले.

माझं शिकवणं किती उतरलं ते पाहायला दुसऱ्या दिवशी एक उदाहरण घातलं: "शाळेची १७ मुलं केंद्राच्या क्रीडा स्पर्धेला जाणार आहेत. एका रिक्षात ५ मुलं बसतात. किती रिक्षा लागतील?" तिघांनी लिहिलं '३, बाकी २'. बबडीने लिहिलं '४'. गोट्याने लिहिलं '३ रिक्षा. दोघं चालत येतील.'

मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीत असाच प्रश्न होता: ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, किती बस लागतील? सुमारे सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. ३२ हे उत्तर मात्र तेवीस टक्क्यांनीच दिलं. बऱ्याच जणांनी '३१, बाकी १२' लिहून सोडून दिलं. भागाकार येतो, पण उत्तर कोणत्या वस्तूचं आहे हे विसरलं जातं. माझ्या वर्गात आदल्या दिवशी दोन पेढ्यांसाठी तासभर डोकं लावणाऱ्या मुलांनीही रिक्षातली दोन मुलं 'बाकी' म्हणून रस्त्यात सोडली होती. त्यांच्यात गोट्याचं उत्तर चुकीचं मानायला मी तयार नाही. त्या दोघांचं काय होणार, याचा विचार फक्त त्याने आणि बबडीने केला होता.

दोष माझ्या मांडणीतही होता. पेढा कापता येतो, आणि मी नेमका कापता येणाराच खाऊ घेऊन तासभर शिकवलं होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी तोच आकडा चार वस्तूंवर घेतला. सतरा पेढे पाच जणांत: तीन आणि दोन पंचमांश. सतरा लिमलेटच्या गोळ्या पाच जणांत: प्रत्येकी तीन, दोन उरतात, त्या चिठ्ठीने किंवा पाळीने. सतरा मुलं, रिक्षात पाच: चार रिक्षा. सतरा वह्या, पाचांचा एक गठ्ठा, भरलेले गठ्ठे किती: तीन. चारही ठिकाणी भागाकार एकच, १७ ÷ ५, आणि उत्तरं चार. यात रिक्षा आणि गठ्ठे ही उदाहरणं वाटणीची नाहीत, गट करण्याची आहेत. वाटणीत वाटेकरी ठरलेले असतात आणि वाटा शोधायचा असतो. गटात वाटा ठरलेला असतो आणि गट किती ते शोधायचं असतं. पुन्हा शिकवेन तेव्हा गोळ्या आणि पेढे एकाच दिवशी, गोळ्या आधी घेईन. कापायची सोय नसताना उरलेल्या दोनांचं काय करायचं याचा विचार झाला, की मग सुरीला अर्थ येतो.

आठवड्याने मी फळ्यावर नुसतंच लिहिलं: २३ ÷ ४. पिंट्याने वही उघडली, पेन्सिल टेकवली आणि मान वर केली. "बाई, कशाचं?"